अंधारातला मोबाइल फोटो: दाणे किती पुसायचे, किती ठेवायचे

पणतीच्या उजेडात मोबाइलने काढलेला चेहऱ्याचा फोटो बहुधा दोनपैकी एका तऱ्हेने बिघडतो. एका तऱ्हेत कपाळावर, गालांवर आणि मागच्या भिंतीवर दाणेच दाणे दिसतात आणि सावलीच्या भागात हिरवे-जांभळे चट्टे उठतात. दुसऱ्या तऱ्हेत भिंत स्वच्छ, अंधार काळाभोर, एकही दाणा नाही; पण चेहरा मेणाचा. भुवया एका पट्टीत चिकटलेल्या, कपाळावरच्या सुरकुत्या इस्त्री केलेल्या, सुती साडीचं विणकाम जाऊन तिथे नुसता रंग उरलेला. पहिल्या दोषाला फोटोग्राफर नॉइज म्हणतात किंवा सरळ ‘दाणे आलेत’ म्हणतात. दुसऱ्याला ठरलेलं नाव नाही, पण तो दिसताक्षणी ‘फोटो प्लास्टिक झाला’ असं कुणीही म्हणतं.

हे दोन दोष एकमेकांच्या उलट आहेत आणि एकाच नळीच्या दोन टोकांना आहेत. एक दाबला की दुसरा वर येतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या नळीवर पुष्कळ काम झालं. त्यातलं काय खरोखर उपयोगी ठरलं, कुठे नुसती देवाणघेवाण झाली आणि घरी बसून आपल्या हातात किती उरतं, हे पाहण्यासाठी हा आढावा आहे.

आधी दाणे येतात कुठून ते नीट पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अनेकांना वाटतं की सेन्सर स्वस्त असल्यामुळे दाणे येतात. सेन्सरचा वाटा असतो, पण तो लहान. मोठा वाटा प्रकाशाचाच आहे. प्रकाश सुट्या कणांनी येतो आणि ते कण ठरलेल्या तालात येत नाहीत. एखाद्या पिक्सेलवर सरासरी १०० कण यायचे असतील, तर प्रत्यक्षात कधी ९१ येतात, कधी १०७. ही चढउतार सरासरीच्या वर्गमुळाएवढी असते: १०० कणांमागे साधारण १०, म्हणजे दहा टक्के, १०,००० कणांमागे १००, म्हणजे एकच टक्का. भर उन्हात दाणे दिसत नाहीत ते यामुळे. चढउतार तिथेही असते, पण प्रमाणाने नगण्य असते.

आता पणतीचा हिशेब करू. मेणबत्तीची ज्योत एक मीटर अंतरावर साधारण एक लक्स उजेड देते. पणती त्याच्या आसपासच. दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या घरात असतं, पौर्णिमेचं चांदणं पाव लक्स. समजा चेहऱ्यावर एक लक्स पडतोय, त्वचा त्यातला तीस टक्के प्रकाश परत पाठवते, लेन्स एफ/१.८ ची आहे, पिक्सेल १.४ मायक्रॉनचा आहे आणि शटर एक अष्टमांश सेकंद उघडं आहे. अशा वेळी गालाच्या एका पिक्सेलवर सगळे मिळून वीसेक प्रकाशकण पोहोचतात. पिक्सेलवरची रंगाची गाळणी आणि सेन्सरची पकडण्याची मर्यादा यांत निम्मे जातात. मोजणीत उरतात दहा. दहाचं वर्गमूळ तीनहून थोडं जास्त. त्यात सेन्सर वाचताना होणारी दीड-दोन इलेक्ट्रॉनची गडबड मिसळली की एकूण चढउतार साडेतीनच्या आसपास जाते. म्हणजे गालाच्या प्रत्येक पिक्सेलची उजळी एक तृतीयांशाने इकडेतिकडे. हा आकडा अंदाजी आहे, पण त्याची जात खरी आहे: मोबाइलकडे त्या गालाबद्दल दहा कणांएवढीच माहिती आली आहे. आयएसओ वाढवल्याने त्या दहाचे वीस होत नाहीत. दहा आणि त्यातली गडबड दोन्ही सारख्या पटीने मोठी होतात, एवढंच.

मोठ्या कॅमेऱ्यात हा प्रश्न कमी जाणवतो त्याचं कारणही हेच. फुल-फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. १.४ मायक्रॉनचे बाराएक मेगापिक्सेल बसवणारा मोबाइलचा सेन्सर साडेपाच बाय चार मिलिमीटरच्या जवळपास. क्षेत्रफळात पस्तीस-चाळीस पटींचा फरक, आणि तितक्याच पटीने गोळा होणारा प्रकाश कमी. मोबाइलवाल्यांना जी काही किमया करायची ती या तुटीवर करायची आहे.

पहिली पिढी एकाच फोटोवर काम करणाऱ्या गाळण्यांची. कल्पना सोपी: एका पिक्सेलवर विश्वास नसेल तर शेजाऱ्यांची सरासरी घ्या. सोळा शेजारी मिळवले की चढउतार चौथाईवर येते. पण शेजारी सगळेच एका जातीचे नसतात. गालाच्या कडेला केस लागले की गाल आणि केस मिसळून दोन्ही धूसर होतात. १९९८ साली कार्लो तोमासी आणि रोबर्तो मंदुची यांनी मांडलेल्या बायलॅटरल फिल्टरने यावर उपाय काढला: उजळीत फार वेगळा असलेला शेजारी सरासरीत घ्यायचाच नाही. कडा वाचल्या. पण कडांच्या आत जे बारीक, कमी फरकाचं असतं, म्हणजे त्वचेची रंध्रं, कापडाची वीण, भिंतीचा गिलावा, ते दाण्यांइतकंच फिकं असतं. फिल्टरला दोन्ही सारखेच दिसतात आणि दोन्ही जातात. ठळक कडा आणि आत सपाट रंग: मेणाच्या चेहऱ्याचा जन्म इथला.

२००५ मध्ये ब्वादेस, कोल आणि मोरेल यांची नॉन-लोकल मीन्स ही पद्धत आली. तिने शेजाराची व्याख्याच बदलली. लगतचा पिक्सेल म्हणजे शेजारी असं न धरता, आसपासच्या मोठ्या भागात जिथे जिथे असाच छोटा तुकडा दिसेल ते सगळे शेजारी. चटईची वीण, विटांची भिंत, साडीच्या काठावरची पुन्हा पुन्हा येणारी बुट्टी यांना याचा फार फायदा झाला, कारण त्यांचे जुळे तुकडे खूप सापडतात. दोन वर्षांनी फिनलंडमधल्या टॅम्पेरेच्या संशोधकांनी जुळे तुकडे एकावर एक रचून एकत्र साफ करण्याची बीएमथ्रीडी ही पद्धत दिली आणि पुढे दहा वर्षं बाकी सगळ्यांची तुलना तिच्याशी होत राहिली. या घराण्याची खूण ओळखायला सोपी आहे. ज्या तुकड्याचा जुळा कुठेच नाही, उदाहरणार्थ डोळ्याचा कोपरा किंवा नथीचा मोती, तिथे सरासरीला कुणी मिळत नाही आणि दाणे तसेच राहतात. फोटो मोठा करून पाहिला तर गाल स्वच्छ आणि डोळ्याभोवती दाण्यांचं कडं दिसतं. आख्ख्या फोटोवर सारखे दाणे असतील तर नजर त्यांना पार करून पाहते. ठिकठिकाणी असतील तर नजर तिथेच अडते.

आता या विषयाच्या गाभ्याला हात घालतो. गुळगुळीतपणा हा कारागिरीचा आळस नाही. ‘चूक कमीत कमी ठेव’ असं यंत्राला सांगितलं की तो आपोआप येतो. एक छोटं गणित करून पाहू. भुवईचा एक केस आहे, पिक्सेलभर जाडीचा, आजूबाजूपेक्षा ४० एकक गडद. दाण्यांमुळे यंत्राला एवढंच कळतं की केस पाचव्या रांगेत आहे किंवा सहाव्या, शक्यता निम्मी-निम्मी. यंत्राने धीट होऊन एक रांग निवडली तर निम्म्या वेळा उत्तर तंतोतंत बरोबर, चूक शून्य. उरलेल्या निम्म्या वेळा एका रांगेत खोटा केस आणि दुसऱ्या रांगेतला खरा केस गायब. दोन्हीकडे ४० ची चूक, तिचे वर्ग मिळवले तर ३,२००. सरासरी १,६००. याउलट यंत्राने दोन्ही रांगांत अर्धा-अर्धा केस रंगवला, २० एककांचा फिकट पट्टा, तर चूक दर वेळी ४०० अधिक ४००, म्हणजे ८००. चुकीच्या मापाने दुसरं उत्तर दुप्पट चांगलं आहे. आणि त्या उत्तरात केस नाही, धूसर पट्टा आहे.

प्रत्येक केस, प्रत्येक रंध्र, प्रत्येक धागा याच न्यायाने निकालात निघतो. जिथे माहिती अपुरी तिथे सर्व शक्यतांची सरासरी हेच गणिताचं सर्वोत्तम उत्तर, आणि सरासरी ही कोणत्याही एका खऱ्या चेहऱ्यासारखी नसते. २०१८ मध्ये इस्रायलच्या टेक्निऑन संस्थेतले योखाई ब्लाऊ आणि टोमेर मिखाएली यांनी हे काटेकोर सिद्ध करून दाखवलं: एका मर्यादेनंतर मूळ चित्रापासूनची चूक कमी करत नेली तर चित्र नैसर्गिक दिसण्यात नुकसान होतंच, आणि नैसर्गिकपणा वाढवायचा तर चूक वाढू द्यावी लागते. दोन्ही एकदम परिपूर्ण करणारी पद्धत अस्तित्वात असू शकत नाही. माझ्या मते या क्षेत्रातला गेल्या दहा वर्षांतला सर्वांत महत्त्वाचा निकाल हा आहे, कारण ‘दाणे शून्य आणि तपशील पूर्ण’ अशी जाहिरात वाचताना आपण काय विचारायचं ते त्याने ठरवून दिलं. तपशील आले असतील तर ते कुठून आले?

प्रामाणिक उत्तर एकच: जास्त प्रकाश गोळा करून. मोबाइलमध्ये जे खरं परिवर्तन झालं ते इथेच. गाळण्या हुशार झाल्या हे खरं, पण त्याहून मोठी गोष्ट ही की मोबाइल एका फोटोऐवजी अनेक फोटो काढून मिळवू लागला. गूगलच्या सॅम्युअल हॅसिनॉफ आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एचडीआर प्लसची पद्धत प्रसिद्ध केली. २०१८ च्या नोव्हेंबरात पिक्सेल फोनांवर नाइट साइट आलं. २०१९ मध्ये आयफोन ११ बरोबर ॲपलचा नाइट मोड आला. नाइट साइटवरच्या २०१९ च्या शोधनिबंधात ०.३ लक्सपर्यंतच्या अंधारात हातात धरून फोटो काढल्याचा दावा आहे. ते जवळजवळ चांदणंच झालं.

आपल्या पणतीच्या फोटोत हे कसं उतरतं? एक अष्टमांश सेकंदाचे १६ फोटो, एकूण दोन सेकंद. गालाच्या पिक्सेलवर आता १० ऐवजी १६० कण. चढउतार चौदाच्या आसपास. आधी उजळीच्या एक तृतीयांश गडबड होती, आता अकरावा-बारावा हिस्सा उरली. यात एकही शेजारी मिसळलेला नाही, एकही केस पुसलेला नाही. गाळणी जे शेजाऱ्यांकडून उसनं घेते ते इथे त्याच गालाकडून पुन्हा पुन्हा घेतलं.

मग शंभर फोटो का काढू नयेत? कारण प्रत्येक वेळी सेन्सर वाचताना तो दीड-दोन इलेक्ट्रॉनचा भुर्दंड बसतो. तेच दोन सेकंद २०० तुकड्यांत वाटले तर कण तेवढेच १६०, पण वाचण्याची गडबड साचून चढउतार पंचविसाच्या जवळ जाते. उलट दोन सेकंदांचा एकच फोटो नॉइजच्या हिशेबाने सर्वांत चांगला, पण हात हलतो आणि माणूसही हलतो. म्हणून मोबाइल आधी अदमास घेतो: हात किती स्थिर, समोरचं किती हलतंय. त्यावरून एकेका फोटोची लांबी ठरवतो. फोन कट्ट्यावर टेकवून ठेवला तर लांब शटरचे थोडे फोटो, हातात असेल तर आखूड शटरचे जास्त.

हाताच्या बारीक थरथरीचा तर फायदाच होतो. सेन्सरचे काही पिक्सेल कायम थोडे जास्त किंवा थोडे कमी दाखवतात. फोन अगदी गच्च बसवला तर हा ठरलेला दोष प्रत्येक फोटोत त्याच जागी पडतो आणि सरासरीत जात नाही. फोटो थोडे सरकलेले असतील तर जुळवल्यावर तो दोष पसरून विरतो.

या पद्धतीचा अपयशाचा नमुना ओळखून ठेवावा, कारण घरगुती फोटोंत तो वारंवार दिसतो. फुलबाजी हातात घेऊन मूल उभं आहे, मागे भिंत आहे. भिंत सोळाही फोटोंत जागेवर आहे, म्हणून ती सोळांची बनते. मूल हललं, म्हणून त्याच्या जागचे बाकीचे तुकडे जुळत नाहीत. जुळवले तर दोन नाकं दिसतील. म्हणून यंत्र तिथे एक-दोन फोटोंवरच थांबतं आणि उरलेले दाणे गाळणीने पुसतं. परिणाम उलटा होतो: भिंतीवरच्या रंगाचे पोपडे स्पष्ट आणि मुलाचा चेहरा मेणाचा. हे दिसलं तर समजावं की गाळणीला दोष देऊन काही होणार नाही. मुलाला ‘दोन सेकंद हलू नको’ एवढंच सांगायला हवं होतं.

सावळ्या चेहऱ्यांबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. जी त्वचा तीस टक्क्यांऐवजी पंधरा टक्के प्रकाश परत पाठवते, तिच्या पिक्सेलवर दहाऐवजी पाचच कण मोजले जातात. त्याच फोटोत, त्याच पणतीसमोर बसलेल्या दोघांपैकी सावळ्या माणसाच्या चेहऱ्यावर नॉइजचं प्रमाण जास्त, म्हणून गाळणीचा हातही तिथे जड. त्यात अनेक मोबाइलमध्ये चेहरा ‘सुंदर’ करण्याची सोय आधीपासून चालू असते आणि ती आणखी एक हात फिरवते. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात, जागरणात, पालखीच्या मुक्कामी काढलेल्या फोटोंत माणसांची वयं आणि वर्ण दोन्ही पुसले जातात ते या दुहेरी सफाईने. ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी. हे दुसरं पुसणं तरी आपल्या हातात आहे.

शिकणाऱ्या यंत्रांचा टप्पा मी थोडक्यात सांगतो, कारण त्याबद्दल बोललं खूप जातं. २०१७ च्या सुमारास न्यूरल नेटवर्कांनी प्रयोगशाळेतल्या परीक्षेत बीएमथ्रीडीला मागे टाकलं. पण ती परीक्षा स्वच्छ फोटोवर संगणकाने कृत्रिम नॉइज टाकून घेतलेली होती. त्याच वर्षी टोबियास प्लॉट्झ आणि श्टेफान रोट यांनी खऱ्या कॅमेऱ्याच्या खऱ्या नॉइजवर तुलना केली, तेव्हा दहा वर्षं जुनी बीएमथ्रीडी त्या वेळच्या नव्या पद्धतींच्या पुढे निघाली. मोबाइलमधला खरा नॉइज कृत्रिम नॉइजसारखा वागतच नाही: उजेडात वेगळा, सावलीत वेगळा; आणि रंग भरताना व जेपीईजी करताना दाणे पसरून त्यांचे चट्टे होतात. पुढच्या वर्षी पाच मोबाइलनी दहा दृश्यांचे सुमारे ३०,००० फोटो काढून एसआयडीडी नावाचा संच तयार झाला. त्यात स्थिर दृश्याचे अनेक फोटो मिळवून ‘खरं’ चित्र बनवलं होतं. त्यावर शिकलेली नेटवर्क प्रत्यक्षात खूप सुधारली. तरी वर केलेलं केसाचं गणित त्यांनाही लागू आहे: चूक कमी करायला शिकवलं तर तीही धूसर पट्टाच रंगवतात, फक्त अधिक नेमक्या जागी.

त्यापुढची शाखा नैसर्गिक दिसायला शिकवलेल्या यंत्रांची आहे. ती धीटपणे केस काढतात, रंध्रं भरतात, आणि ती खोटी असू शकतात. २०२३ मध्ये एका माणसाने चंद्राचा फोटो मुद्दाम लहान आणि धूसर करून संगणकाच्या पडद्यावर दाखवला आणि सॅमसंगच्या फोनने त्याचा झूम करून फोटो काढला, तर त्यात मूळ चित्रात नसलेले डाग आणि खळगे आले. कंपनीनेही चंद्र ओळखून तपशील वाढवले जातात असं सांगितलं. चंद्राचा चेहरा सगळ्यांना माहीत आहे, तिथे फारसं बिघडत नाही. आजीच्या कपाळावरचं गोंदण यंत्राला माहीत नसतं. तिथे ते काय भरेल यावर माझा भरवसा नाही, आणि कुटुंबाच्या फोटोत मला कल्पनेने भरलेल्या त्वचेपेक्षा दाणे परवडतात.

मग आपल्या हातात काय आहे? सर्वांत मोठा फायदा एका जुन्या निरीक्षणात आहे. माणसाचा डोळा उजळीतला बारीक फरक फार नेमका टिपतो, रंगातला बारीक फरक तितका टिपत नाही. म्हणून नॉइजचे दोन भाग वेगळे धरावेत. रंगाचा नॉइज, म्हणजे ते हिरवे-जांभळे चट्टे, जवळजवळ पूर्ण पुसला तरी चित्राचं काही जात नाही, आणि खटकतो तो तोच. उजळीचा नॉइज, म्हणजे करडे दाणे, यांच्याबरोबर मात्र वीण आणि रंध्रं बांधलेली आहेत. तिथे हात आखडावा. लाइटरूम ॲप कच्च्या फोटोला सुरुवातीलाच Color Noise Reduction २५ वर आणि Luminance शून्यावर ठेवतं, ते याच विचाराने.

पणतीचा तोच फोटो घेऊन क्रम सांगतो. शक्य असेल तर फोटो कच्च्या स्वरूपात, म्हणजे डीएनजी फाइल म्हणून काढावा. जेपीईजीत मोबाइलची सफाई आधीच होऊन गेलेली असते. आधी एक्स्पोजर आणि रंग नीट करावेत, कारण सावल्या उजळल्या की लपलेला नॉइज वर येतो आणि खरी गरज तेव्हाच कळते. मग Color वाढवत न्यावं, चट्टे जाईपर्यंत. लाल काठाचा रंग शेजारच्या कापडात उतरू लागला की थोडं मागे यावं. मग फोटो शंभर टक्के मोठा करून कानशिलावरचे केस पाहत Luminance हळूहळू वाढवावं. केस सुटे दिसणं थांबलं की मर्यादा ओलांडली, तिथून मागे. एक लक्सच्या फोटोत हा आकडा माझ्या हाताला बहुधा १५ ते ३० मध्ये स्थिरावतो. भिंतीकडे पाहून हा आकडा ठरवू नये. भिंत कितीही सफाई सहन करते आणि आपल्याला फसवते.

जास्तच सफाई झालेला फोटो हाताशी असेल आणि मूळ फोटोही असेल, तर दोन थर एकावर एक ठेवून वरच्या साफ थराची अपारदर्शकता साठ टक्क्यांवर आणावी. उजळीचे दाणे साधारण चाळीस टक्के परत येतात आणि पुसलेली वीणही तेवढीच परत येते. लाइटरूमच्या Grain मधून नवे दाणे टाकले तर वीण परत येत नाही, पण सपाट गालाचा मेणकटपणा कमी होतो आणि ठिकठिकाणी वेगळी दिसणारी सफाई एकसारखी वाटते. ती मलमपट्टी आहे हे लक्षात ठेवून करावी.

ज्यांना संगणकावर काम करायची तयारी आहे त्यांनी स्थिर दृश्यासाठी, म्हणजे देवघर, दीपमाळ, रिकामा वाडा यांसाठी, आठ-सोळा डीएनजी काढून, सफाई शून्यावर ठेवून त्यांचे टिफ करावेत आणि ते जुळवून सरासरी घ्यावी. ह्युजिन आणि इमेजमॅजिक ही दोन्ही साधनं मोफत आहेत:

```
align_image_stack -m -a jul_ foto*.tif
magick jul_*.tif -evaluate-sequence mean ekatra.tif
```

`mean` च्या जागी `median` लिहिलं तर मधूनच गेलेला माणूस बहुधा गळून जातो. हे जेपीईजींवर करून पाहिलं तर निकाल निराश करतो, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. दाणे प्रत्येक फोटोत वेगळे असतात म्हणून सरासरीत मरतात. पण सफाईने पुसलेली वीण सोळाही फोटोंत पुसलेलीच असते. सोळा मेणाच्या चेहऱ्यांची सरासरी मेणाचाच चेहरा देते.

वातीऐवजी एलईडी दिवा असेल तर एक भारतीय अडचण येते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. शटर स्वतः ठरवत असाल तर १/१००, १/५०, १/२५ असे आकडे घ्यावेत. इतर आकड्यांनी आडवे पट्टे उमटू शकतात आणि कोणतीही सफाई ते काढत नाही.

कंपन्या इतकं का पुसतात, याचं उत्तर बरंचसं आपल्या पाहण्याच्या सवयीत आहे. फोटो पाच-सहा इंची पडद्यावर, तोही व्हॉट्सॲपने लहान करून पाहिला जातो. तिथे वीण कुणाला दिसत नाही, पण काळ्या आकाशातले चट्टे दिसतात. शिवाय दाणे हा जेपीईजीच्या दृष्टीने न दाबता येणारा माल आहे: दाणेदार फोटोची फाइल फुगते, आणि जबरदस्तीने लहान केली तर दाण्यांचे चौकोनी ठोकळे होतात. व्हिडिओच्या दुनियेने यावर एक मार्ग शोधला. २०१८ च्या एव्हीवन या प्रमाणात चित्रपटाचे दाणे आधी पुसून, त्यांचं वर्णन तेवढं आकड्यांत पाठवून, पाहताना तसेच दाणे पुन्हा पेरायची सोय आहे. फोटोसाठी असं काही सर्रास वापरात आलं नाही. यायला हवं, आणि त्याहून आधी मोबाइलच्या मूळ कॅमेरा ॲपमध्ये सफाई कमी-जास्त करणारी एक साधी पट्टी यायला हवी. आज बहुतेक फोनांत माणसाला फ्लॅश, टायमर आणि फिल्टर निवडता येतात, पण स्वतःच्या आईच्या चेहऱ्यावरून किती पुसलं जावं हे निवडता येत नाही.

तोवर वाचकांना एकच विनंती. घरच्या महत्त्वाच्या प्रसंगी निदान काही फोटो डीएनजीत काढा आणि ते दाणेदार दिसतात म्हणून काढून टाकू नका. बारा मेगापिक्सेलची अशी फाइल पंचवीस एमबीच्या आसपास जाते, साठवणुकीच्या आजच्या भावात ते फार नाही. सफाईच्या पद्धती दर दोन-चार वर्षांनी सुधारतात. दाणेदार फाइल त्यांच्यातून पुन्हा काढता येते. पुसून झालेला जेपीईजी येत नाही.